नऊ ठिकाणे, एक तार : कोलकात्याच्या नकाशावर सर्वांत स्वस्त जाळे

आजच्या भागासाठी एक कोरा कागद आणि पेन्सिल हाताशी ठेवा. खोडरबरही ठेवा, तो लागणार आहे. ई-बुकमध्ये वाचणाऱ्यांना फळ्यावरची आकृती दिसणार नाही, म्हणून सगळी जुळणी शब्दांत सांगतो. ती कागदावर उतरवून घेतली तर पुढचे सोपे जाईल.

प्रश्न असा. कोलकात्यात दुर्गापूजेच्या चार-पाच दिवसांत रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि एका जागी लाखो मोबाइल जमले की फोन लागत नाही. समजा, या दिवसांसाठी शहरात नऊ मदतकेंद्रे आहेत आणि ती साध्या टेलिफोनच्या तारेने एकमेकांना जोडायची आहेत. प्रत्येक केंद्राचा निरोप कुठल्याही दुसऱ्या केंद्राला पोचला पाहिजे, मग तो मधल्या दोन-तीन केंद्रांतून गेला तरी चालेल. भांडारात एकूण २० किलोमीटर तार आहे. कुठून कुठे ओढायची?

नऊ ठिकाणे अशी: नदीच्या पश्चिमेला हावडा आणि शिबपूर. पूर्वेला धर्मतला (म्हणजे एस्प्लनेड), सियालदा, फोर्ट विल्यम, पार्क स्ट्रीट, अलीपूर, कालीघाट आणि गरियाहाट. ज्यांनी कोलकाता पाहिले नाही त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की हुगळी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, धर्मतला साधारण मध्यावर आहे आणि अलीपूर, कालीघाट, गरियाहाट ही तिन्ही दक्षिणेला आहेत. नदी ओलांडायला आपल्या कामाचे दोन पूल: हावड्याचा १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला पूल आणि फोर्ट विल्यमजवळचा, १९९२ सालचा विद्यासागर सेतू.

कुठली तार ओढता येण्याजोगी आहे आणि तिला किती लांबी लागेल, ते खाली दिले आहे. आकडे शंभर मीटरचे आहेत, म्हणजे १२ म्हणजे १२०० मीटर. हे आकडे उदाहरणासाठी मी धरलेले आहेत. जागांची मांडणी खरी ठेवली आहे, पण नकाशावर पट्टी लावून मला पत्र लिहू नका.

धर्मतला – पार्क स्ट्रीट १२
धर्मतला – फोर्ट विल्यम १६
फोर्ट विल्यम – पार्क स्ट्रीट १७
अलीपूर – कालीघाट २०
धर्मतला – सियालदा २२
कालीघाट – गरियाहाट २४
पार्क स्ट्रीट – सियालदा २७
फोर्ट विल्यम – अलीपूर ३०
हावडा – धर्मतला ३१
फोर्ट विल्यम – शिबपूर ३५
हावडा – शिबपूर ३६
हावडा – सियालदा ३८
पार्क स्ट्रीट – कालीघाट ४०
पार्क स्ट्रीट – गरियाहाट ४५
सियालदा – गरियाहाट ५०

अशा पंधरा जोडण्या. सगळ्या ओढल्या तर ४४३ होतात, म्हणजे चव्वेचाळीस किलोमीटरच्या वर. आपल्याकडे २०० आहेत.

आधी एक साधी गोष्ट. नऊ ठिकाणे जोडायला किमान आठ तारा लागतात. पहिली तार दोन ठिकाणे जोडते, त्यानंतरची प्रत्येक तार एकेक नवे ठिकाण आत आणते. आठपेक्षा जास्त तारा झाल्या की कुठेतरी फेरा होतो, म्हणजे एका ठिकाणाहून निघून वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी परत येता येते. फेऱ्यातली कुठलीही एक तार काढली तरी सगळी ठिकाणे जोडलेलीच राहतात, म्हणजे तेवढी तार फुकट गेली. म्हणून सर्वांत स्वस्त जाळ्यात फेरा नसतो. फेरा नसलेल्या आणि सगळ्यांना जोडणाऱ्या अशा जाळ्याला गणितात वृक्ष म्हणतात. झाडाच्या फांद्या जशा पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत, तसे.

हाताने, नुसत्या नजरेने केले तर काय होते? कोलकात्याच्या माणसाची नजर मेट्रोच्या मार्गाने जाते. एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, तिथून सरळ दक्षिणेला कालीघाट. म्हणून तो पार्क स्ट्रीट–कालीघाट ही ४० ची तार ओढतो, कालीघाटाहून अलीपूर आणि गरियाहाट जोडतो, बाकीचे धर्मतल्याभोवती जोडून टाकतो. बेरीज करा: १२, १६, २२, ३१, ३५, ४०, २०, २४. बरोबर २०० होतात. तार पुरली, पण भांडारात एक मीटरही उरली नाही. याहून स्वस्त जाळे आहे का, आणि असेल तर त्याहून स्वस्त नाहीच याची खात्री कशी करायची, हा आजचा विषय.

पहिली रीत अमेरिकन गणितज्ञ जोसेफ क्रुस्कल यांनी १९५६ साली मांडली. सगळ्या जोडण्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावा. वरची यादी तशीच लावलेली आहे. वरून खाली या. प्रत्येक तार घ्या, फक्त फेरा होत असेल तर सोडा. आठ झाल्या की थांबा.

ऐकायला पोरखेळ वाटतो. अडचण ‘फेरा होत असेल तर’ या चार शब्दांत आहे. नऊ ठिकाणांच्या आकृतीत फेरा डोळ्याला दिसतो, तीस ठिकाणांच्या आकृतीत दिसत नाही. म्हणून डोळ्यावर विसंबू नका, गटांचे नंबर ठेवा. प्रत्येक ठिकाणाच्या नावापुढे पेन्सिलीने एक नंबर लिहा, सुरुवातीला सगळ्यांचे वेगळे. तार घेतली की दोन गट एक झाले, म्हणून त्यातल्या लहान गटातल्या सगळ्या ठिकाणांचे नंबर खोडून मोठ्या गटाचा नंबर लिहा. ज्या तारेच्या दोन्ही टोकांना एकच नंबर असेल ती तार फेरा करते. ती सोडायची.

चला. १२ ची धर्मतला–पार्क स्ट्रीट घेतली, दोघांचा गट १. १६ ची धर्मतला–फोर्ट घेतली, फोर्टही गट १. १७ ची फोर्ट–पार्क स्ट्रीट: दोन्ही टोकांना १, सोडली. २० ची अलीपूर–कालीघाट घेतली. ती दोघे अजून कुणाशी जोडलेली नाहीत, त्यांचा वेगळा गट २. २२ ची धर्मतला–सियालदा घेतली, सियालदा गट १ मध्ये. २४ ची कालीघाट–गरियाहाट घेतली, गरियाहाट गट २ मध्ये. २७ ची पार्क स्ट्रीट–सियालदा: दोन्ही १, सोडली. आता ३० ची फोर्ट–अलीपूर. एका टोकाला १, दुसऱ्या टोकाला २. घेतली, आणि अलीपूर, कालीघाट, गरियाहाट या तिघांचे २ खोडून १ केले. ३१ ची हावडा–धर्मतला घेतली. ३५ ची फोर्ट–शिबपूर घेतली. मोजा: आठ झाल्या. थांबलो. खालच्या पाच जोडण्यांकडे पाहिलेदेखील नाही.

बेरीज: १२ + १६ + २० + २२ + २४ + ३० + ३१ + ३५ = १९०. एकोणीस किलोमीटर. भांडारात एक किलोमीटर उरला.

आता यात चूक कशी होते ते पाहा, कारण हाताने करणाऱ्याकडून ती होतेच. २२ ची तार घेतली आणि सियालद्यापुढे गटाचा नंबर लिहायचा राहिला, असे समजा. मग २७ ची पार्क स्ट्रीट–सियालदा येते तेव्हा नंबर वेगळे दिसतात आणि ती घेतली जाते. पुढे ३० आणि ३१ घेतल्या की आठ झाल्या म्हणून हिशेब थांबतो. बेरीज येते १८२. माणूस खूश, कारण १९० पेक्षा कमी! पण शिबपूरला तारच पोचलेली नाही. आठ तारा आहेत, त्यातली एक फेऱ्यात वाया गेली आणि एक केंद्र बाहेर राहिले. म्हणून नुसत्या तारा मोजून भागत नाही. कुठल्याही एका केंद्रावर बोट ठेवा, घेतलेल्या तारांवरूनच बोट फिरवत नऊही ठिकाणी पोचता येते का ते बघा. आठ तारा असतील आणि नऊही ठिकाणी पोचता आले, तर फेरा नाही याचीही खात्री झाली.

दुसरी रीत रॉबर्ट प्रिम यांची, १९५७ सालची. ते टेलिफोन कंपनीच्या संशोधनसंस्थेत, म्हणजे बेल लॅबमध्ये होते, त्यामुळे त्यांचा प्रश्न आपल्या प्रश्नासारखाच तारांचा होता. इथे यादी लावायची नाही. एका ठिकाणाहून सुरुवात करायची आणि जाळे वाढवत न्यायचे. दर वेळी, आत आलेल्या ठिकाणांपासून बाहेरच्या ठिकाणांकडे जाणाऱ्या तारांपैकी सर्वांत लहान तार घ्यायची.

या रीतीत फेऱ्याची भीती नाही, कारण प्रत्येक तार बाहेरच्या ठिकाणीच जाते. इथे सांभाळायचा असतो तो बाहेरच्यांचा तक्ता. बाहेरच्या प्रत्येक ठिकाणापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: आतल्या कुणापासून ते सर्वांत जवळ आहे, आणि किती. नवे ठिकाण आत आले की तक्ता तपासायचा: त्याच्याकडून कुणाला आणखी जवळची वाट मिळाली का? मिळाली तर जुना आकडा खोडून नवा लिहायचा. खोडरबर आणायला सांगितले ते यासाठी.

हावड्यापासून सुरू करू. तक्ता: धर्मतला ३१, शिबपूर ३६, सियालदा ३८. बाकीच्यांपुढे रेघ. सर्वांत लहान ३१, धर्मतला आत.

धर्मतल्यामुळे तक्ता बदलतो: पार्क स्ट्रीट १२, फोर्ट १६, आणि सियालद्याचे ३८ खोडून २२. शिबपूर ३६ तसेच. लहान १२, पार्क स्ट्रीट आत. पार्क स्ट्रीटकडून फोर्टला १७ आहे, पण तक्त्यात १६ आहे, बदल नाही. सियालद्याला २७ आहे, तक्त्यात २२, बदल नाही. नवे येतात ते कालीघाट ४० आणि गरियाहाट ४५.

लहान १६, फोर्ट आत. फोर्टकडून अलीपूर ३०. आणि इथे लक्ष द्या: शिबपूर, जे हावड्याकडून ३६ होते, ते फोर्टकडून ३५ आहे. खोडा, ३५ लिहा. पुढे लहान २२, सियालदा आत. सियालद्याकडून गरियाहाट ५०, तक्त्यात ४५, बदल नाही. आता बाहेर चार उरले: अलीपूर ३०, शिबपूर ३५, कालीघाट ४०, गरियाहाट ४५. अलीपूर आत. लगेच कालीघाटाचे ४० खोडून अलीपूरकडून २०. कालीघाट आत. गरियाहाटाचे ४५ खोडून २४. गरियाहाट आत. शेवटी शिबपूर, ३५.

बेरीज: ३१ + १२ + १६ + २२ + ३० + २० + २४ + ३५ = १९०. त्याच आठ तारा, फक्त क्रम वेगळा. सगळे आकडे वेगवेगळे असले की दोन्ही रीतींना तेच जाळे मिळते. दोन आकडे सारखे असतील तर आकृती वेगळी येऊ शकते, बेरीज मात्र तीच येते.

प्रिमच्या रीतीतली चूक क्रुस्कलच्या चुकीपेक्षा जास्त लबाड आहे. शिबपूरचे ३६ खोडून ३५ करायचे राहिले, तर शेवटी हावडा–शिबपूर ही ३६ ची तार घेतली जाते. आठ तारा आहेत, फेरा नाही, नऊही ठिकाणी बोट पोचते. वरची तपासणी उत्तीर्ण! फक्त बेरीज १९१ आहे, आणि १९१ चूक आहे हे कागदाकडे पाहून कळत नाही.

ही चूक पकडायची एक खात्रीची तपासणी आहे. दोन्ही रीतींना ती चालते, आणि उत्तर कुणी कसे काढले हे माहीत नसले तरी चालते. न घेतलेली प्रत्येक तार घ्या. तिच्या दोन टोकांमधली, घेतलेल्या तारांवरून जाणारी वाट शोधा. वाट एकच असते. त्या वाटेवरची एकही तार न घेतलेल्या तारेपेक्षा मोठी असता कामा नये. असेल, तर ती मोठी काढून ही लहान लावा, जाळे स्वस्त होईल. चुकलेल्या जाळ्यात फोर्ट–शिबपूर ३५ ही न घेतलेली तार आहे. तिची वाट फोर्ट–धर्मतला १६, धर्मतला–हावडा ३१, हावडा–शिबपूर ३६. ३६ हे ३५ पेक्षा मोठे. सापडली. नजरेने काढलेल्या २०० च्या जाळ्यालाही हीच तपासणी लावा: न घेतलेली फोर्ट–अलीपूर ३०, तिच्या वाटेवर पार्क स्ट्रीट–कालीघाट ४०. बदला, झाले १९०. बरोबर उत्तरात अशा सात तपासण्या कराव्या लागतात आणि सातही पार पडतात. दहा मिनिटांचे काम आहे.

लहान तार लोभाने उचलत गेल्यावर शेवटी सगळ्यांची मिळून बेरीजही कमीत कमी का येते? आयुष्यात बहुतेक ठिकाणी हातचे स्वस्त घेतले की पुढे महागात पडते. इथे तसे का होत नाही, ते हुगळीकडे पाहून कळते. नदीने नऊ ठिकाणांचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेला दोन, पूर्वेला सात. जाळे कसेही ओढा, नदी एकदा तरी ओलांडावीच लागेल. ओलांडणाऱ्या तारा तीनच: हावडा–धर्मतला ३१, फोर्ट–शिबपूर ३५, हावडा–सियालदा ३८. समजा, कुणी असे जाळे आणले की त्यात ३१ ची तार नाही. त्यात ती टाका. फेरा होईल, आणि तो फेरा नदीच्या एका काठाने जाऊन परत आल्याशिवाय पुरा होत नाही, म्हणजे त्यात नदी ओलांडणारी दुसरी एक तार असणारच. ती ३५ किंवा ३८ ची. ती काढा. सगळे जोडलेलेच राहते आणि खर्च कमी होतो. म्हणजे ३१ नसलेले जाळे सर्वांत स्वस्त असूच शकत नाही.

हे नदीपुरते नाही. ठिकाणांचे कसेही दोन भाग पाडा, मध्ये एक काल्पनिक नदी सोडा, ती ओलांडणारी सर्वांत लहान तार जाळ्यात असायलाच हवी. प्रिमच्या रीतीत दर वेळी नदी असते ती आतले आणि बाहेरचे यांच्यामध्ये. क्रुस्कलच्या रीतीत ती तारेच्या एका टोकाच्या गटाभोवती असते. दोन्ही माणसे एकच गोष्ट करत आहेत, नदी कुठे काढायची एवढाच फरक.

जाता जाता सांगतो, या दोघांच्या कितीतरी आधी, १९२६ साली, चेक गणितज्ञ ओटाकार बोरूव्का यांनी मोराव्हियातल्या विजेच्या जाळ्यासाठी हाच प्रश्न सोडवला होता. त्यांच्या रीतीत प्रत्येक ठिकाण एकाच वेळी आपापली सर्वांत लहान तार निवडते. आपल्या नकाशावर करून पाहा: एका फेरीत आठांपैकी सात तारा मिळतात, राहते ती फक्त ३० ची फोर्ट–अलीपूर. प्रिम यांची रीतसुद्धा व्होइत्येख यार्निक या दुसऱ्या चेक गणितज्ञांनी १९३० मध्येच लिहून ठेवली होती. नावे मात्र नंतरच्यांची चिकटली.

मग हाताने करताना कुठली रीत घ्यावी? माझे मत असे. जोडण्या थोड्या असतील आणि सगळ्यांची यादी हातात असेल तर क्रुस्कल. आपल्याकडे पंधराच होत्या, लावायला दोन मिनिटे. पण प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी तार नेता येत असती तर नऊ ठिकाणांच्या छत्तीस जोड्या झाल्या असत्या, वीस ठिकाणांच्या एकशे नव्वद. एकशे नव्वद आकडे हाताने क्रमाने लावणे म्हणजे शिक्षा. तिथे प्रिमचा तक्ता बरा, कारण त्यात कधीही वीसपेक्षा जास्त ओळी होत नाहीत.

दुसरा फरक पुस्तकात सहसा लिहीत नाहीत, पण फौजेत तार ओढलेल्या माणसाला तो आधी दिसतो. तार ज्या क्रमाने निवडली त्याच क्रमाने ओढायला घेतली, तर प्रिमच्या रीतीत प्रत्येक टप्प्यावर जेवढे जोडले तेवढे चालू असते. हावड्याला मुख्य ठाणे असेल तर पहिल्या तारेपासून हावडा बोलू लागते, आणि ओढून झालेली प्रत्येक तार लगेच तपासता येते. क्रुस्कलच्या क्रमात पाच तारा ओढून झाल्या तरी हावडा मुकेच आहे, आणि अलीपूर–कालीघाट–गरियाहाट हे तिघे आपापसात बोलतात, बाकी जगाशी नाही. उलट तीन-चार तुकड्या असतील तर क्रुस्कलचे हे वेगवेगळे गट सोयीचे: एक तुकडी धर्मतल्याला, एक कालीघाटाला, दोघी एकाच वेळी कामाला. आणि काही ठिकाणी पोचणारी वाटच नसेल, तर क्रुस्कलची यादी संपते तेव्हा कागदावर दोन वेगळे नंबर उरतात आणि कुणाचे कुणाशी जुळत नाही ते स्पष्ट दिसते. प्रिमची रीत नुसती मध्येच थांबते.

आता आकड्यांबद्दल. नकाशावर अंतर मोजून हिशेब केला, पण पुलावरून तार नेणे रस्त्याच्या कडेने नेण्यासारखे नसते. परवानगी, ठिकठिकाणी बांधणे, वाऱ्याला आणि पुलाच्या हालचालीला ढील सोडणे. समजा, या त्रासाची किंमत नदी ओलांडणाऱ्या प्रत्येक तारेवर आणखी १० धरली. मग हावडा–धर्मतला ४१, फोर्ट–शिबपूर ४५, हावडा–सियालदा ४८. यादी पुन्हा लावा. ३० पर्यंत काहीच बदलत नाही, सहा तारा त्याच. पुढे आता ३६ ची हावडा–शिबपूर येते, घेतली. ४० ची पार्क स्ट्रीट–कालीघाट फेरा करते, सोडली. ४१ ची हावडा–धर्मतला घेतली, आठ झाल्या. बेरीज २०१. जुनेच जाळे ठेवले असते तर त्याची किंमत २१० झाली असती. पहिले जाळे दोन पुलांवरून जात होते, नवे एकाच. सर्वांत लहान जाळे आणि सर्वांत स्वस्त जाळे वेगळे निघाले, म्हणून हिशेब सुरू करण्याआधी आकडा कशाचा आहे ते ठरवा. इथे क्रुस्कलचा आणखी एक फायदा दिसला: तीनच किमती बदलल्या, तर यादीचा वरचा भाग पुन्हा करावा लागला नाही. प्रिमने हावड्यापासून केले असते तर पहिलीच तार बदलली असती.

या जाळ्याकडून काय मागू नये तेही सांगतो. हावड्याहून सियालद्याला थेट ३८ आहे, पण १९० च्या जाळ्यात निरोप धर्मतल्यावरून ५३ चा रस्ता काटतो. एकूण तार कमीत कमी आहे, प्रत्येक जोडीतला रस्ता नाही. तो प्रश्न वेगळा, त्याची रीत वेगळी. तसेच, तारांचा सांधा फक्त या नऊ ठिकाणीच करता येतो असे आपण धरले आहे. वाटेत कुठेही सांधा चालत असेल तर बेरीज आणखी कमी होऊ शकते, पण तो प्रश्न हाताने सोडवण्यातला नाही.

आणि वृक्षाची सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्यात राखीव काही नसते. धर्मतला–फोर्ट ही १६ ची तार मंडपाच्या बांबूखाली चिरडली, की फोर्ट, शिबपूर, अलीपूर, कालीघाट, गरियाहाट अशी पाच केंद्रे एकदम तुटतात. ही एक तार राखायला सर्वांत स्वस्त उपाय फोर्ट–पार्क स्ट्रीट, १७. आपल्याकडे उरलेत १०. पुरत नाही.

समजा, अशा वेळी परवानगी मिळाली की पार्क स्ट्रीट ते कालीघाट तार आधीच्या वळशाच्या वाटेऐवजी सरळ नेता येईल, आणि ४० चे २६ झाले. सगळा हिशेब पुन्हा नको. तयार जाळ्यात ही तार टाका आणि झालेला फेरा बघा: पार्क स्ट्रीट, धर्मतला, फोर्ट, अलीपूर, कालीघाट. त्यावर १२, १६, ३०, २० आणि नवी २६. सर्वांत मोठी ३०, ती काढा. बेरीज १८६. भांडारात १४ उरले, १७ ला अजून तीन कमीच. पण आता धर्मतला–फोर्ट तुटली तर पाचाऐवजी दोनच केंद्रे जातात, फोर्ट आणि शिबपूर. त्याऐवजी धर्मतला–पार्क स्ट्रीट ही १२ ची तार नाजूक झाली: ती गेली तर पार्क स्ट्रीट, कालीघाट, अलीपूर आणि गरियाहाट अशी चार जातात. दुरुस्तीची तुकडी कुठे बसवायची ते यावरून ठरते, धर्मतल्याला.